दिवाळी हंगामासाठी भिवंडी येथे ९६ तात्पुरते कामगार हवे आहेत

दिनांक ८ सप्टेंबर २०२५

आमच्या कल्याण कार्यालयाकडे नोंदणी असलेल्या सर्व कामगार बंधू-भगिनींना नमस्कार.

भिवंडीतील मानकोली परिसरात असलेल्या ऑनलाइन विक्रीच्या गोदामात घटस्थापनेपासून दिवाळीपर्यंत मालाची आवक-जावक मोठी असते. त्यासाठी २२ सप्टेंबर ते २० ऑक्टोबर २०२५ या काळात ६० जण पॅकिंगला, २४ जण मालाची वर्गवारी करण्यासाठी आणि १२ जण बारकोड स्कॅनिंगला हवे आहेत. स्कॅनिंगसाठी किमान दहावी उत्तीर्ण असणे आवश्यक आहे. इतर कामांना शिक्षणाची अट नाही, मात्र वय १८ पूर्ण असावे. ट्रकमधील चढ-उतार माथाडी कामगार करतात. ते काम आपल्याला सांगितले जाणार नाही आणि कोणी सांगितल्यास आम्हाला लगेच कळवावे.

पॅकिंग व वर्गवारीसाठी रोज ७०० रुपये, तर स्कॅनिंगसाठी रोज ७६० रुपये मिळतील. दिवसपाळी सकाळी ८ ते सायंकाळी ५ अशी असून त्यात एक तास जेवणाची सुट्टी धरलेली आहे. पॅकिंगच्या ३० जागा रात्री १० ते सकाळी ७ या पाळीच्या आहेत आणि त्यांना रोज ८० रुपये रात्रपाळी भत्ता आहे. महिलांना रात्रपाळी दिली जाणार नाही. पाळी संपल्यावर थांबावे लागले, तर त्या तासांचे पैसे दुप्पट दराने मिळतील. आठवड्यातून एक दिवस सुट्टी राहील आणि २ ऑक्टोबरला, दसऱ्याला, पगारी सुट्टी राहील.

मजुरी दर शनिवारी थेट बँक खात्यात जमा होईल. त्यातून कर्मचारी राज्य विम्याचे ०.७५ टक्के कापले जातील, आणि ज्यांचे पीएफ खाते आधीपासून सुरू आहे त्यांची वर्गणी नियमाप्रमाणे कापली जाईल. शेवटचा हिशेब २० ऑक्टोबरलाच पूर्ण करू, कारण दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन आहे आणि खानदेश-मराठवाड्यात गावी जाणाऱ्यांना पैशांसाठी येथे अडकून पडावे लागू नये, असे आम्हाला मनापासून वाटते.

कल्याण व ठाणे स्थानकांपासून दोन्ही पाळ्यांसाठी मोफत बस आहे.

या कामासाठी आम्ही कोणाकडूनही एक रुपयाही घेत नाही. हंगामात मध्यस्थ लोक ‘गेट पास’ किंवा ‘गणवेशाची अनामत’ म्हणून पैसे मागतात. कृपया देऊ नका, आणि मागणाऱ्याचे नाव आम्हाला सांगा. आपले नाव पुढे येणार नाही.

इच्छुकांनी १२ सप्टेंबरपर्यंत याच व्हॉट्सअ‍ॅप क्रमांकावर आपले नाव, गाव, हवे असलेले काम आणि पाळी कळवावी. १३ व १४ सप्टेंबर रोजी सकाळी १० ते दुपारी ४ या वेळेत आधार कार्ड, बँक पासबुक आणि दोन छायाचित्रे घेऊन कल्याण कार्यालयात यावे. पूर्वी आमच्यामार्फत पूर्ण हंगाम काम केलेल्यांना प्राधान्य देऊ.

आपले,
भरती विभाग, कल्याण कार्यालय