फोन हरवल्याची खबर दिल्यानंतरही माझ्या खात्यातून गेलेली रक्कम परत जमा करण्याबाबत

दिनांक : १० फेब्रुवारी २०२५

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
सातारा शहर शाखा, सातारा.

विषय : बचत खाते (अखेरचे अंक ४४१७) यातून ६ फेब्रुवारी २०२५ रोजी माझ्या संमतीशिवाय गेलेले ९९,००० रुपये परत मिळण्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या हेल्पलाइनवर ६ फेब्रुवारी रोजी दुपारी १२.४१ वाजता केलेला फोन.
२) त्याच दिवशी दुपारी २.३० वाजता शाखेत दिलेला अर्ज, आवक क्रमांक ३१८.
३) ७ फेब्रुवारी रोजी शाखेत समक्ष केलेली तक्रार.

महोदय,

मी सौ. कमल दत्तात्रय जाधव, वय ७२, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. गेली चौदा वर्षे माझी पेन्शन आपल्याच शाखेत जमा होते. आजवर बँकेकडे माझी एकही तक्रार नव्हती.

गुरुवार दि. ६ फेब्रुवारी रोजी मी साताऱ्याहून कोरेगावला निघाले होते. गावच्या घराचे छप्पर पावसाळ्याआधी उतरवायचे आहे. त्यासाठी जानेवारीअखेर मुदत ठेव मोडून पैसे बचत खात्यात ठेवले होते आणि सुतारांना लाकडाची उचल द्यायची होती. साडेअकराच्या सुमारास बसस्थानकाबाहेर मी एक डझन केळी घेतली आणि ६० रुपये फोनवरून दिले. गाडी लागली तेव्हा दारात बरीच रेटारेटी झाली. फोन हातातल्या कापडी पिशवीत होता. कोरेगावला उतरून सुतारांना फोन करायला पिशवीत हात घातला, तेव्हा केळी होती, चष्म्याचे घर होते, फोन नव्हता. तेव्हा बारा पंचवीस झाले होते.

त्यानंतर मी एक मिनिटही वाया घालवलेले नाही. माझे डेबिट कार्ड कमरेच्या बटव्यात होते आणि ते आजही माझ्याकडेच आहे. त्याच्या मागे छापलेल्या आपल्या हेल्पलाइन क्रमांकावर मी सुतारांच्या फोनवरून १२.४१ वाजता फोन लावला. बोलणे सात मिनिटे झाले, त्याची नोंद त्यांच्या फोनमध्ये आहे. "माझा फोन गेला आहे, त्यात यूपीआय आहे, खात्यातून पैसे जाण्याचे सगळे मार्ग बंद करा," असे मी स्पष्ट शब्दांत सांगितले. पलीकडच्या मुलाने माझी जन्मतारीख आणि खात्याचा तपशील विचारून खात्री करून घेतली, कार्ड बंद केल्याचे सांगितले आणि "बाकीचं शाखेत जाऊन करा" म्हणाला. तक्रार क्रमांक मागितला तर तो एसएमएसने येईल असे उत्तर मिळाले. जो फोन चोरीला गेला, त्याच फोनवर येणारा एसएमएस मी कसा वाचणार होते? लगेच पुढचा फोन करून १२.५८ वाजता मी सिम बंद करून घेतले.

तशीच परतीची गाडी धरून मी शाखेत आले. आपण त्या दिवशी रजेवर होता, असे कळले. मी तिथेच बसून अर्ज लिहिला : फोन हरवला आहे, यूपीआय आणि मोबाईल बँकिंग तात्काळ बंद करावे, खात्यातून पैसे बाहेर जाऊ देऊ नयेत. काउंटरवरच्या ताईंनी त्यावर शिक्का मारला, मी विनंती केली म्हणून वेळही घातली, २.३०, आणि पोच मला दिली. मूळ अर्ज त्यांनी शेजारच्या ट्रेमध्ये ठेवून त्यावर काचेचा पेपरवेट ठेवला. "साहेब आले की होईल," असे त्या म्हणाल्या. आज नाही का होणार, असे मी दोनदा विचारले. लगेच होईल असा माझा समज झाला आणि मी घरी गेले.

शुक्रवारी सकाळी बँक उघडताच मी पासबुक भरून घेतले. यंत्रातून ते बाहेर आले तेव्हा केळ्यांच्या ६० रुपयांखाली तीन ओळी होत्या. व्यवहारांच्या वेळा नंतर आपल्या सहायक व्यवस्थापकांनी संगणकावर पाहून मला सांगितल्या, त्या अशा :

दुपारी १२.१८ वाजता २४,००० रुपये
दुपारी ३.४७ वाजता ४०,००० रुपये
दुपारी ४.०२ वाजता ३५,००० रुपये

यांतला एकही व्यवहार मी केलेला नाही. ज्या नावांवर पैसे गेले, त्यांतले एकही माझ्या ओळखीचे नाही. मी हे सगळे ऐकत उभी होते तेव्हा माझा आदल्या दिवशीचा अर्ज त्याच ट्रेमध्ये, त्याच पेपरवेटखाली होता. तो मी सहायक व्यवस्थापकांना बोटाने दाखवला.

त्यांचे म्हणणे असे पडले की व्यवहार माझ्याच फोनवरून, माझाच पिन टाकून झाले आहेत, तेव्हा बँक काही करू शकत नाही. याबद्दल मला जे ठाऊक आहे ते मी काहीही न लपवता लिहिते. पिन मी कोणालाही सांगितलेला नाही, कुठेही लिहून ठेवलेला नाही, कोणाचा फसवा फोन मला आलेला नाही, कोणत्याही लिंकला मी हात लावलेला नाही. केळीवाल्याला पैसे देताना माझ्या मागे दोन तरुण अगदी जवळ उभे होते. फोन उघडताना आणि पिन दाबताना त्यांनी पाहिले असेल, अशी मला दाट शंका आहे. पण दुकानदारासमोर उभे राहून पिन टाकणे म्हणजे पिन कोणाला देणे नव्हे. यूपीआय वापरायची दुसरी रीत बँकेने आम्हाला शिकवलेली नाही.

आता मुख्य मुद्दा. रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक आहे, अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी मर्यादित ठेवण्याबाबतचे. माझ्या भाच्याने ते काढून दिले आणि मी दोनदा वाचले. ग्राहकाचा स्वतःचा निष्काळजीपणा असला तरी त्याने बँकेला खबर देईपर्यंतचाच तोटा त्याने सोसायचा आणि खबर दिल्यानंतर झालेला तोटा बँकेने सोसायचा, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. ३.४७ आणि ४.०२ चे दोन्ही व्यवहार माझ्या फोननंतर तीन तासांनी आणि शिक्क्यासह अर्ज दिल्यानंतर तासाहून अधिक वेळाने झाले आहेत. तेव्हा या ७५,००० रुपयांच्या बाबतीत पिन कोणी पाहिला, कसा पाहिला, हा प्रश्नच उरत नाही. ही रक्कम बँकेने मला देणे आहे आणि त्यात मी काहीही सोडणार नाही.

पहिल्या २४,००० रुपयांबद्दलही माझी मागणी आहे. दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, तिसऱ्याच माणसाने केलेला प्रकार आहे, आणि ग्राहकाने व्यवहाराची माहिती मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवले, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य राहते, असे तेच परिपत्रक सांगते. मला हा व्यवहार ७ तारखेला पासबुकावरून कळला आणि त्याच घटकेला मी आपल्या सहायक व्यवस्थापकांना सांगितले. ८ तारखेला दुसरा शनिवार आणि ९ ला रविवार असल्याने लेखी तक्रार आज देत आहे. माझा निष्काळजीपणा होता असे बँकेला म्हणायचे असेल, तर तो सिद्ध करण्याची जबाबदारीही त्याच परिपत्रकाने बँकेवर टाकली आहे. तोंडी उत्तर मी मान्य करणार नाही, कारणांसह मराठीत लिहून द्यावे.

सिम १२.५८ ला बंद झाले होते, मग पैसे गेले कसे, हा प्रश्न मलाही पडला. सिम बंद झाले तरी चोराच्या हातातला फोन वायफायवर चालू राहू शकतो आणि त्यातले ॲपही चालू राहू शकते, असे मोबाईल कंपनीच्या दुकानातल्या मुलीने मला समजावले. म्हणजे दार बंद करणे त्या वेळी फक्त बँकेच्याच हातात होते. मी दोन वेळा सांगूनही ते बंद झाले नाही. दिवसाची यूपीआय मर्यादा संपत आली म्हणूनच चोर थांबला असावा, नाहीतर खाते रिकामे झाले असते.

शुक्रवारीच सकाळी १०.५० वाजता १९३० या सायबर हेल्पलाइनवर मी तक्रार नोंदवली आहे आणि त्याच दिवशी शहर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली आहे. दोन्हींच्या पोचपावत्या सोबत जोडल्या आहेत. फोनचा आयएमईआय क्रमांक बंद करण्यासाठी सरकारच्या ceir.gov.in या पोर्टलवरही अर्ज केला आहे.

तरी माझी विनंती अशी की, पूर्ण ९९,००० रुपये ६ फेब्रुवारी हीच तारीख धरून माझ्या खात्यात जमा करावेत. परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाने कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत ही रक्कम तात्पुरती जमा करणे बँकेला बंधनकारक आहे आणि त्यासाठी विम्याच्या दाव्याची वाट पाहता येत नाही. मधली शिवजयंतीची सुट्टी वगळली तरी ७ तारखेपासून ही मुदत २१ फेब्रुवारीला पुरी होते. ज्या खात्यांत पैसे गेले, त्या बँकांना आजच कळवून तिथली शिल्लक गोठवण्यास सांगावे, कारण तिथून पैसे पुढे सरकले की ते हाती लागणे कठीण होते. हेल्पलाइनवरील माझ्या १२.४१ च्या संभाषणाचे ध्वनिमुद्रण आणि शाखेतील ६ तारखेचे सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावे. या तक्रारीचा नोंदणी क्रमांक या पत्राच्या पोचेवरच लिहून द्यावा, एसएमएसने पाठवू नये.

माझे पती ७८ वर्षांचे आहेत आणि त्यांना एकटे ठेवून मला वारंवार शाखेत येता येत नाही. काही कागद लागणार असतील तर एकदाच पूर्ण यादी द्यावी. सत्तरीच्या पुढच्या ग्राहकांना काय सोयी द्याव्यात हे रिझर्व्ह बँकेने आपल्याला कळवलेलेच आहे.

तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर समाधानकारक नसले, तर मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाईन. त्यासाठी लागणारे सगळे कागद मी तयार ठेवले आहेत. काउंटरवरच्या ताईंना यात एकटे दोषी धरू नये, अशीही माझी विनंती आहे. हरवलेल्या फोनचा अर्ज हातात आला की त्या क्षणी काय करायचे आणि साहेब नसतील तर कोणी करायचे, हे त्यांना कोणी सांगितलेले दिसले नाही. ते आजच ठरवून द्यावे. गुरुवारी माझ्या मागे रांगेत आणखी चार पेन्शनर उभे होते.

सोबत : आवक क्रमांक ३१८ च्या पोचेची प्रत, पासबुकाच्या पानाची प्रत, १९३० वरील तक्रारीची पोच, पोलीस ठाण्यातील तक्रारीची पोच, सुतारांच्या फोनमधील कॉल नोंदीची छापील प्रत, आधार कार्डाची प्रत.

आपली विश्वासू,
(सही)
सौ. कमल दत्तात्रय जाधव
शाहूनगर, सातारा