कास पठार सहल : निघण्याची वेळ व जमण्याचे ठिकाण यांत बदल

दिनांक २१ सप्टेंबर २०२६

सर्व सहभागी सभासदांस,

शनिवार, दिनांक २६ सप्टेंबर रोजीच्या सहलीसाठी सकाळी ६ वाजता टिळक चौकात जमावे, असे यापूर्वी कळविले होते. ती सूचना आता रद्द समजावी. बस शनिवारी पहाटे ठीक ५.१५ वाजता वारजे येथून, महामार्गाच्या उड्डाणपुलाजवळील सेवा रस्त्यावरून, साताऱ्याकडे जाणाऱ्या बाजूने सुटेल. सर्वांनी ४.४५ पर्यंत तेथे हजर राहून आपल्या गटप्रमुखाकडे नाव नोंदवावे.

शुक्रवारी अनंत चतुर्दशी आहे. लक्ष्मी, केळकर, कुमठेकर आणि टिळक या चारही रस्त्यांवरून येणाऱ्या मिरवणुका टिळक चौकातच एकत्र येतात आणि त्या दुसऱ्या दिवशीही चालू राहतात, हे पुणेकरांना वेगळे सांगायला नको. तेथे बस आणणे शक्यच नाही. वेळ अलीकडे आणण्याचे कारण निराळे आहे. पठारावरील आपली तिकिटे सकाळच्या टप्प्याची असून तो ११ वाजता संपतो. चौथ्या शनिवारच्या सुट्टीमुळे खंबाटकी घाटात कोंडी होण्याची शक्यता आहे, शिवाय पठाराच्या अलीकडील वाहनतळावर उतरून पुढे तेथील गाडीने जावे लागते, त्यात बराच वेळ मोडतो.

पेठांत राहणाऱ्यांनी शुक्रवारी रात्री शक्यतो कोथरूड-वारजे भागातील नातेवाइकांकडे मुक्काम करावा. ते जमणार नसल्यास लकडी पुलाच्या वाटेला न जाता म्हात्रे पुलाकडून नदी ओलांडावी आणि पलीकडे गेल्यावरच रिक्षा पाहावी.

बस कोणासाठीही थांबणार नाही. ५.१५ ही वेळ मोबाइलवरील घड्याळाप्रमाणे धरली जाईल. ‘रिक्षात बसलोय, पाचच मिनिटांत पोहोचतो’ असा फोन आला तरी, कुटुंबातील एक जण बसमध्ये बसून दुसऱ्याची वाट पाहत असला तरी आणि उशीर करणारा सहल समितीचा सदस्य असला तरी हा नियम बदलणार नाही. मागे राहिलेल्यांना नवले पुलाशी किंवा वाटेत अन्यत्र घेतले जाणार नाही, कारण महामार्गावर बस उभी करणे धोक्याचे आहे. बस चुकलेल्या सभासदास स्वतःच्या वाहनाने यायचे असल्यास त्याने ९.३० पर्यंत कासच्या वाहनतळावर पोहोचावे. त्याचे प्रवेश तिकीट गटप्रमुखाकडे तोपर्यंत ठेवले जाईल. बस चुकल्यामुळे वर्गणी परत मिळणार नाही.

न्याहारीचा थांबा २० मिनिटांचा राहील व तेथेही हाच नियम लागू असेल. फक्त परतीच्या वेळी गटप्रमुखाने सर्वांची मोजणी पूर्ण केल्याशिवाय बस हलणार नाही, कारण तेथून एकट्याने परतणे अवघड आहे.

बदललेल्या वेळेमुळे ज्यांना येणे शक्य नाही, त्यांनी गुरुवार, दिनांक २४ रोजी सायंकाळी ७ पर्यंत गटप्रमुखास कळवावे. त्यांची पूर्ण वर्गणी परत केली जाईल आणि ती जागा प्रतीक्षा यादीतील सभासदास दिली जाईल.

सहल समिती