वास्तुशांतीच्या दिवशी सर्वांनी मिळून म्हणायचे गृहप्रवेशगीत

आमच्या देवरुखजवळच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला आणि गृहप्रवेशाला आलेल्या सर्व आप्तांचे, शेजाऱ्यांचे आणि स्नेह्यांचे मनःपूर्वक स्वागत. वास्तू तथास्तु म्हणत असते, म्हणून घरात वाईट बोलू नये, असे आपण लहानपणापासून आजीकडून ऐकत आलो. मग घरात पहिले पाऊल पडते त्या क्षणी जे चांगले आहे ते सगळ्यांनी एका सुरात आणि मोठ्याने बोलावे, या एकाच इच्छेने हे गीत रचले आहे. आशीर्वाद यजमानांनी ऐकायचा असतो आणि पाहुण्यांनी द्यायचा असतो, त्यामुळे आपल्या सहभागाशिवाय हे गीत पुरे होणार नाही. होमाची पूर्णाहुती झाली की आपण सर्वजण पुढच्या अंगणात जमू, गुरुजी खूण करतील आणि गीत सुरू होईल.

ध्रुवपद (सर्वांनी)

शुभ बोलू आम्ही । म्हण तू तथास्तु ।
सुखी राहो वास्तू । पिढ्यान्‌पिढ्या ॥

कडवी

उंबरठा ल्याला । कुंकवाची बोटे ।
मोठ्यांसवे छोटे । या हो सुखे ॥ १ ॥

चुलीवर दूध । उतू गेले आज ।
भुकेल्याची लाज । राखो घर ॥ २ ॥

अंगणी तुळस । विहिरीला पाणी ।
गोड राहो वाणी । माणसांची ॥ ३ ॥

गवंडी सुतार । राबले जे हात ।
त्यांच्या घरी भात । दूध नांदो ॥ ४ ॥

लेकीबाळींसाठी । उघडे हे दार ।
हलका हो भार । येता येथे ॥ ५ ॥

शुभ बोलू आम्ही । म्हण तू तथास्तु ।
सुखी राहो वास्तू । पिढ्यान्‌पिढ्या ॥

गीताची घडण अभंगाची आहे, म्हणजे सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चरण, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचे यमक. वारीत, भजनात, एकादशीच्या जागरणात आपण सर्वांनीच हे वजन इतक्या वेळा अंगात मुरवले आहे की, नवे शब्द असले तरी टाळ वाजताच चाल आपोआप ओठांवर येईल. थोरली आत्या प्रत्येक कडवे एकदा एकटी म्हणेल. त्याचा उत्तरार्ध, म्हणजे तिसरा आणि चौथा चरण, आपण सर्वांनी तिच्यामागून म्हणायचा आणि लगेच ध्रुवपद धरायचे. ज्यांना कडवी पाठ होणार नाहीत त्यांनी नुसते ध्रुवपद म्हटले तरी चालेल, आणि लहान मुलांनी ‘तथास्तु’ एवढा एकच शब्द जोरात म्हटला तरी आम्हाला आनंदच आहे. पेटीची पट्टी मुद्दाम मधली धरली आहे, म्हणजे बायकांना सूर फार खाली जाणार नाही आणि पुरुषांना वर ताणावा लागणार नाही.

पहिले कडवे दाराबाहेर उभे राहूनच म्हणायचे आहे. मुहूर्तदरवाजाची चौकट जुन्या घरामागच्या फणसाच्या लाकडाची आहे, तिच्यावर आंब्याच्या डहाळ्यांचे तोरण बांधलेले असेल, आणि आई उंबरठ्यावर हळदीकुंकवाची बोटे ओढत असतानाच कडवे सुरू होईल. त्यानंतर देवांचा ताम्हण घेऊन आजी, पाण्याचा कलश घेऊन सूनबाई आणि धान्याचे माप घेऊन बाबा आत जातील, आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत आपण सर्वजण त्यांच्यामागून ओटी ओलांडून माजघरात याल.

दुसऱ्या कडव्याच्या वेळी स्वयंपाकघरात नव्या शेगडीवर दूध तापत ठेवलेले असेल. दूध उतू घालण्याची ही रीत समृद्धीची खूण म्हणून आपण पाळतो; आम्ही मात्र तिच्यापुढे एक मागणे जोडले आहे, की ज्या घरात दूध भांड्याबाहेर येण्याइतके आहे त्या घराच्या दारातून कोणी उपाशी परत जाऊ नये. आजोबांच्या काळी डोंगर उतरून आलेला वाटसरू पडवीत टेकला की त्याला विचारण्याआधी पेज आणि मिठातली कैरी पुढे येत असे, हे त्यांच्या तोंडून ऐकलेले आहे, आणि नव्या घरातही तसेच घडावे असे आम्हाला मनापासून वाटते.

तिसऱ्या कडव्यातले पाणी केवळ यमकासाठी आलेले नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण जांभ्याच्या सच्छिद्र जमिनीतून तो झिरपून निघून जातो आणि चैत्र-वैशाखात विहिरीचा तळ दिसू लागतो. या घराचा मुहूर्त वैशाखातलाच आहे, त्यामुळे विहिरीला पाणी राहो हे मागणे आज सर्वांत खरे आहे. छपराचे पाणी विहिरीकडे वळवणारी पन्हळ घराबरोबरच बसवली आहे. मागणे देवाकडे आहे, पण आमचा वाटाही आम्ही उचललेला आहे.

चौथ्या कडव्याबद्दल थोडे अधिक सांगायचे आहे. भिंतीचा एकेक चिरा खाणीत कुऱ्हाडीसारख्या पात्याने किंवा यंत्राने कापून, ट्रकमधून आणून, डोक्यावरून वाहून, ओळंब्याला लावून बसवलेला आहे. जांभा कापताना मऊ असतो आणि हवा लागत जाईल तसा कठीण होतो, म्हणून चिरा रचणाऱ्याचा हात सरळ असावा लागतो. पुढे ती भिंत कित्येक पिढ्या तशीच उभी राहते. चिरेखाणीतले कामगार, गवंडी, त्यांच्या हाताखालच्या बाया, सुतार, कौले चढवणारे आणि वीजजोडणी करणारे या सर्वांना सहकुटुंब आमंत्रण आहे, पहिली पंगत त्यांची आहे, आणि हे कडवे म्हणताना आपण सर्वांनी त्यांच्याकडे तोंड करून उभे राहावे अशी विनंती आहे. आपल्याकडे दूधभाताचा घास लेकराला भरवतात. तोच घास ज्यांनी घर उभे केले त्यांच्या घरीही रोज असावा, एवढाच या कडव्याचा अर्थ आहे. घरभरणीच्या दिवशी कारागिराला शाल-नारळ देऊन मोकळे होणे आम्हाला पुरेसे वाटले नाही.

पाचवे कडवे आमच्या सासरी गेलेल्या मुलींसाठी आणि मुंबई-पुण्याला, परदेशी नोकरीला असलेल्या सर्वांसाठी आहे. ते माजघरात म्हणायचे आहे, आणि ते चालू असताना पुढचे आणि मागचे अशी दोन्ही दारे सताड उघडी ठेवली जातील.

होमाच्या वेळी गुरुजी ऋग्वेदातील सातव्या मंडलाच्या ५४ व्या सूक्ताच्या तीन ऋचा म्हणणार आहेत. वास्तोष्पतीला उद्देशून असलेल्या त्या सूक्तात घरात रोग नसावा आणि दोन पायांच्या व चार पायांच्या सर्वांचे कल्याण व्हावे, असे मागणे आहे. ते संस्कृतातले मागणे आणि आपण मराठीत म्हणणार असलेली ही पाच कडवी एकाच दिशेची आहेत, म्हणून गोठ्यातल्या कपिला गाईलाही त्या वेळी अंगणात आणले जाईल. तिला गर्दीची सवय नाही, तेव्हा टाळ तिच्या कानाशी वाजवू नयेत.

शेवटचे ध्रुवपद तीनदा म्हणून ‘पिढ्यान्‌पिढ्या’ या शब्दावर टाळ थांबतील. त्यानंतर उतू गेलेल्या दुधात साखर घालून तेच तीर्थप्रसाद म्हणून दिले जाईल आणि लगेच पाने वाढली जातील.