सूचना: 1 तारखेपासून नवीन शिफ्ट टायमिंग आणि हजेरीचे नियम

मोल्डिंग, असेंब्ली, पॅकिंग, स्टोअर आणि मेन्टेनन्समधल्या सगळ्यांसाठी. कायम असो, कॉन्ट्रॅक्टवर असो नाहीतर ट्रेनी, नियम एकच आहेत आणि सुपरवायझरना पण तेच लागू आहेत, ते सुद्धा त्याच मशीनवर पंच करणार.

येत्या 1 तारखेपासून, म्हणजे सोमवारपासून, 12 तासांच्या दोन शिफ्ट बंद होतायत आणि 8 तासांच्या तीन सुरू होतायत. पहिली सकाळी 7 ते दुपारी 3, दुसरी दुपारी 3 ते रात्री 11, तिसरी रात्री 11 ते सकाळी 7. अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी या 8 तासांतच धरलेली आहे, तिचे पैसे कापले जात नाहीत, आणि तिच्या आधी एक नि नंतर एक असे 10-10 मिनिटांचे दोन छोटे ब्रेक आहेत. मशीन चालू ठेवायचं म्हणून कुणाला ब्रेक सोडायला लावायचं नाही, लाइनवर बदली माणूस देणं हे सुपरवायझरचं काम. ऑफिस आणि टूल रूमची जनरल शिफ्ट 9 ते 5:30 आहे तशीच राहील, पण लेटचे नियम त्यांनाही हेच.

हे का करतोय ते आधी सांगतो, कारण खाली बरंच काय काय बोललं जातंय. 12 तासांच्या शिफ्टमध्ये शेवटच्या तीन-चार तासांत माल जास्त रिजेक्ट होतो आणि बोट चेपणं, कटर लागणं हे प्रकारही तेव्हाच जास्त होतात, फर्स्ट एडचं रजिस्टर उघडून कुणीही बघावं, आणि पहाटे 3 ते 5 या वेळात तर माणूस उभ्या उभ्या पेंगतो, त्यात आळशीपणा वगैरे काही नाही, शरीरच तसं असतं. माणसं कमी करायचा विषय नाहीये, उलट तिसऱ्या ग्रुपसाठी नवीन ऑपरेटर घेतलेत. ते पहिला एक महिना जुन्या ऑपरेटरसोबतच उभे राहतील, त्यांना एकटं मशीन द्यायचं नाही.

आता पैशाचं, कारण सगळ्यात जास्त प्रश्न तिथेच आहेत. रोजचे 4 तास ओटी बंद होणार म्हणजे हातात येणारी रक्कम कमी होणार, हे लपवण्यात अर्थ नाही. ज्यांनी त्या ओटीवर हप्ते बांधलेत त्यांची एकदम ओढाताण होऊ नये म्हणून पहिले तीन महिने प्रत्येकाला त्याच्या मागच्या सहा महिन्यांच्या सरासरी ओटीची निम्मी रक्कम वेगळी मिळेल, पे-स्लिपवर ती 'बदल भत्ता' म्हणून दिसेल. तिसऱ्या शिफ्टला बेसिकच्या 15 टक्के रात्र भत्ता आहे, जितक्या रात्री कराल तितक्या रात्रींचा. तीन महिन्यांनंतर बदल भत्ता बंद होईल, रात्र भत्ता राहील. कुणाचं किती बसतं ते टाइम ऑफिसमध्ये कोड सांगून आजच काढून घ्या, तुमच्या समोर हिशोब करून कागद देतील. 1 तारखेपर्यंत थांबू नका.

शिफ्ट दर दोन आठवड्यांनी बदलेल आणि नेहमी पुढेच सरकेल: पहिलीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, मग परत पहिली. उलटं फिरवणार नाही, कारण झोप पुढे ढकलणं त्यातल्या त्यात सोपं जातं, अलीकडे ओढणं जड जातं. बदल कायम रविवारच्या सुट्टीला धरूनच होईल. तिसरीवरून पहिलीला येताना मात्र घोळ होतो, शनिवारी रात्री काम केलं की रविवारी सकाळी सुटणार आणि सोमवारी सकाळी 7 ला परत हजर, म्हणजे सुट्टी अख्खी झोपेत जाते. म्हणून त्या आठवड्यातली शनिवारची रात्र पगारी सुट्टी आहे, त्या रात्री मोल्डिंग बंद राहील आणि मेन्टेनन्सवाले साच्यांची कामं उरकतील. मग शनिवारी सकाळी 7 ला सुटलेला माणूस सोमवारी सकाळी 7 लाच येईल, पूर्ण 48 तासांनी. बाकीच्या दोन्ही बदलांनाही 48 तासच मिळतात, हिशोब करून बघा. मेन्टेनन्सच्या लोकांना त्या रात्रीऐवजी सोमवारी सुट्टी.

कोण कुठल्या ग्रुपमध्ये ते गेटजवळच्या बोर्डवर लावलंय. गरोदर बायका, डॉक्टरांनी रात्रीचं काम नको म्हणून लिहून दिलेले, आणि घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असून दुसरं बघणारं कुणी नाही असे, यांनी टाइम ऑफिसमध्ये साधा अर्ज द्यायचा, दोन ओळी चालतील, त्यांना तिसरी लागणार नाही. बाकी महिलांनाही तिसरी शिफ्ट त्यांनी स्वतः लिहून दिलं तरच, आणि घरापर्यंत गाडी असेल तरच. नको म्हटलं म्हणून कुणाचं काही कमी होणार नाही. शुगरची, फिटची किंवा वेळेवर घ्यायची दुसरी कुठली औषधं चालू असतील तर शिफ्ट बदलायच्या आधी आपल्या डॉक्टरांना नवीन टायमिंग सांगा आणि डोस कधी घ्यायचा ते विचारून घ्या, हे कृपा करून टाळू नका.

हजेरीकडे येतो. एकच सूत्र ठेवलंय: जेवढी मिनिटं तेवढे पैसे, दोन्ही बाजूंनी. 15 मिनिटं उशीर झाला की हाफ डे, हा जुना नियम 1 तारखेपासून रद्द. त्या नियमामुळे लोक गेटवरूनच परत जायचे, अर्धा दिवस गेलाच आहे तर पूर्णच जाऊ दे म्हणून, आणि लाइनवर माणूस कमी तो कमीच. आता शिफ्ट सुरू झाल्यावर पहिली 10 मिनिटं माफ, त्यापुढची जितकी मिनिटं तितकीच कापली जातील. उदाहरण द्यायचं तर पहिल्या शिफ्टला 7:25 ला पंच झाला तर 15 मिनिटांचे पैसे जातील, बस. दोन तासांपेक्षा जास्त उशीर होत असेल तर मात्र आधी फोन करून या, तोवर तुमच्या जागी दुसरा माणूस लावलेला असेल, मग हाफ डे घ्यायचा की दुसऱ्या लाइनवर जायचं ते सुपरवायझरशी बोलून ठरवा. महिन्यात सहापेक्षा जास्त वेळा लेट झालं तर आधी बोलणं होईल, काय अडचण आहे ते विचारू, लगेच मेमो नाही.

कंपनीची बस उशिरा आली तर बसमधल्या कुणाचंही एक मिनिट कापलं जाणार नाही. ड्रायव्हर गेटवर वेळ लिहून देईल, तुम्ही कुणाला पटवत बसायची गरज नाही.

दुसरी बाजू हँडओव्हरची. मशीन चालू असताना माणूस बदलायचा तर येणाऱ्याने 10 मिनिटं आधी यायला लागतं, हे आजवर फुकटात चाललेलं. आता 6:50, 2:50 किंवा 10:50 ला पंच असेल तर त्या 10 मिनिटांचे पैसे ओटीच्या दराने, म्हणजे दुप्पट. 6:57 ला आलात तर 3 मिनिटांचे. 10 मिनिटं काय, असं वाटेल, पण 26 दिवसांचे 260 मिनिटं म्हणजे 4 तास 20 मिनिटं होतात. 6:50 च्याही आधीचा पंच धरला जाणार नाही, त्यामुळे उगाच लवकर येऊन बसू नका. हँडओव्हरला येणं सक्तीचं नाही, पण येणार असाल तर मशीनवर या, गेटवर गप्पा मारत उभं राहण्याचे पैसे नाहीत!

रिलिव्हर आलाच नाही तर? सुपरवायझर तुम्हाला थांबायला विचारेल. विचारेल, सांगणार नाही. हो म्हणालात तर जास्तीत जास्त 2 तास, दुप्पट दराने. नाही म्हणालात तर तुम्ही मोकळे. दोन तासांतही कुणी मिळालं नाही तर मशीन बंद करायचं, तो निर्णय सुपरवायझरचा आणि जबाबदारी माझी, ऑपरेटरला त्यावरून कुणी बोलायचं नाही. डबल शिफ्ट कुणीही करायची नाही, स्वतःच्या मर्जीने पण नाही.

आपसात शिफ्ट बदलता येईल. दोघं एकाच कामाचे हवेत आणि आदल्या दिवशी दोघांच्या सह्यांची चिठ्ठी सुपरवायझरकडे हवी, एवढंच. फक्त दोन शिफ्टच्या मध्ये कमीत कमी 11 तास पाहिजेत, म्हणून दुसरी करून रात्री 11 ला सुटलेल्याला दुसऱ्या दिवशी सकाळी 7 ची घेता येणार नाही, ते 8 च तास होतात, त्यात येणं-जाणं धरलं तर झोप उरतेच कुठे.

यायला जमणार नसेल तर शिफ्टच्या एक तास आधी आयकार्डच्या मागे छापलेल्या टाइम ऑफिसच्या नंबरवर फोन किंवा मेसेज करा, घरच्यांनी केला तरी चालतो. लाइनवरच्या मित्राला सांगून ठेवलं होतं, हे मात्र धरलं जाणार नाही, कारण मित्र विसरतो आणि खाडा तुमचा लागतो. अचानक काही झालं, अपघात, दवाखाना, तर 24 तासांत कळवलं तरी ती कळवलेली रजाच. आजारपणात दोन दिवसांपर्यंत सर्टिफिकेट नको, तिसऱ्या दिवसापासून लागेल. न कळवता सलग तीन दिवस गैरहजर असाल तर आधी घरी फोन, मग पत्र, आणि तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय नाव कमी होणार नाही.

पंचिंगची कटकट माहितीये. ज्यांच्या बोटांचे ठसे काम करून करून झिजलेत किंवा हाताला ऑइल असतं त्यांचा अंगठा मशीन घेतच नाही. गेटवर चेहऱ्याचं मशीन पण बसवलंय, अंगठा नाही लागला तर ते वापरा, दोन्ही बंद पडली तर सिक्युरिटीकडच्या रजिस्टरमध्ये वेळ टाकून सही. तो पंचच समजला जाईल. पंच राहून गेला तर तीन दिवसांत सुपरवायझरची सही घेऊन चिठ्ठी द्या. दुसऱ्याच्या नावाने रजिस्टरमध्ये सही ठोकायची नाही, त्यात करणारा आणि करवणारा दोघंही येतात, पहिल्यांदा लेखी ताकीद, नंतर चौकशी.

महिन्याची हजेरी 25 ला बंद होते. 26 ला प्रत्येकाच्या कोडप्रमाणे यादी बोर्डवर लागेल, नाव नसेल, कोड आणि मिनिटं असतील. चूक दिसली तर 28 च्या संध्याकाळपर्यंत सांगा म्हणजे त्याच पगारात दुरुस्त होईल, नंतर सांगितलंत तरी दुरुस्त होईल पण पुढच्या पगारात.

हे सगळं सध्या तीन महिन्यांसाठी आहे. मग कामगार प्रतिनिधींसोबत बसून काय चाललं, काय नाही ते बघू आणि त्यात पैशाचा विषयही येईलच. त्याआधी या शुक्रवारी माझ्यासोबत दोन मीटिंग आहेत, सकाळी 8 ला आणि संध्याकाळी 8 ला, कँटीनमध्ये, दोन्ही शिफ्टच्या सुटणाऱ्या लोकांसाठी, आणि थांबलेल्या वेळेचे पैसे मिळतील. ही सूचना तिथे मोठ्याने वाचून दाखवू, म्हणजे वाचता येत नाही म्हणून कुणी मागे राहायला नको. ज्यांना सगळ्यांसमोर बोलायचं नसेल त्यांनी टाइम ऑफिसबाहेरच्या पेटीत चिठ्ठी टाका, नाव लिहायची गरज नाही.

मीटिंगनंतर यादीवर सही घेऊ. ती सही फक्त 'सूचना मिळाली' याची आहे, 'सगळं मान्य आहे' याची नाही, आणि तसं यादीच्या वरती लिहिलेलं पण असेल.

प्लांट मॅनेजर