निर्भेळ

महालक्ष्म्या उठल्याच्या दुसऱ्या दिवशी आबा मला म्हणाले, "बाई, फोन घे अन् चल रानात. आपलाबी पेरा चढवून टाकू."

२०२१ चं साल. मी सातवीत होते, म्हणजे कागदोपत्री सातवीत. शाळा बंद होती आणि सरांनी ग्रुपवर टाकलेला अभ्यास वहीत उतरवायचा, त्या वहीचा फोटो परत ग्रुपवर टाकायचा, ही शाळा. त्यासाठीच पप्पांनी पुण्याहून पैसे धाडून फोन घ्यायला लावला होता. घरात तो फोन माझा समजला जाई, पण ठेवायची जागा आबांच्या उशाखाली. रात्री त्याचा दिवा लागला की आबा उठून बसत आणि मला हाका मारत, "बग, तुझ्या मास्तराचं काय आलं."

त्या वर्षी १५ ऑगस्टपासून पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः करायची, असं निघालं होतं. चावडीच्या भिंतीवर कागद डकवलेला होता: माझी शेती, माझा सातबारा, मीच नोंदवणार माझा पीकपेरा. एका फोनवरून वीस खातेदार भरता येत. शेजारच्या गल्लीतला एक पोरगा पारावर बसून भराभर लोकांचं भरून देत होता. आबा त्याच्याकडं गेले नाहीत. कारण साऱ्या घराला माहीत होतं. २०१४ च्या गारपिटीत आमची ज्वारी आडवी झाली, कणसं चिखलात गेली, आणि सातबारा काढला तर त्या हंगामाला आमच्या गटापुढं "पडीक" लिहिलेलं. जे रान पेरलंच नाही त्याला अनुदान कशाचं? लिहिणाऱ्यानं बांधावर पायच ठेवला नव्हता. आबांनी तीन खेपा जिंतूरला घातल्या, मग चौथी घातली नाही. तो सातबारा मात्र पत्र्याच्या पेटीत अजून आहे.

रान आमचं दोन एकर. चार तासं सोयाबीन, दोन तासं तूर. सोयाबीनच्या शेंगा भरून आल्या होत्या, खालची पानं पिवळी पडायला लागली होती. तूर कंबरेच्या वर गेली होती, फुलाला अजून अवकाश होता. आजी सकाळीच पुढं आली होती, बांधाकडेचा घास कापायला. आम्ही लिंबाखाली बसलो, कारण तिथं रेंजच्या दोन काड्या येतात. तिसरी मी कधी पाहिली नाही.

गाव निवडलं, गट नंबर टाकला. खातेदाराच्या यादीत एकच नाव आलं, आबांचं. आजी विळा टेकवून वाकून बघत होती.

"माझं कामून न्हाई त्यात?"

"तुझं रेशनकार्डावर हाय की, सगळ्यांच्या वर," आबा म्हणाले.

"व्हय, साखर संपली की मला इचारायला," असं म्हणून ती परत तासात शिरली.

पुढं विचारलं होतं, पिकाचा वर्ग. मी मोठ्यानं वाचलं, "निर्भेळ पीक."

आबा एकदम ताठ झाले. "म्हंजे? आपल्यात भेसळ हाय म्हनतो का त्यो?"

मलाही धड माहीत नव्हतं. खाली कंसात "एकच पीक" लिहिलेलं दिसलं तेव्हा उमगलं. आपलं मिश्र. मिश्र निवडलं तर पिकांची नावं आणि दोघांचं क्षेत्र वेगवेगळं मागायला लागलं, तेही हेक्टरमध्ये. आबांचा सारा हिशोब एकर-गुंठ्यांचा. लिंबाच्या बुंध्याशी काडीनं मातीत आकडे मांडले: दोन एकर म्हणजे ०.८१ हेक्टर. त्याचे सहा वाटे, चार सोयाबीनचे, दोन तुरीचे. ०.५४ आणि ०.२७. त्या सबंध वर्षात मी केलेलं हे एकच गणित, ज्याच्या उत्तराची कुणीतरी खरंच वाट बघत होतं.

लागवडीचा दिनांक म्हटल्यावर आबा म्हणाले, "मृगात."

"मृगात कधी? तारीख पाहिजे."

"तारीख? पाऊस झाला, वाफसा आला अन् पेरलं. तारीख कोन बगतंय?"

तुरीतनं आवाज आला, "वटपुनवेच्या आदी आठ दिस. बुधवार होता. सुताराकडनं मोगडा आनायचा राहिला म्हून तुमी खेकसला होतात."

मी फोनमधलं कॅलेंडर मागं सरकवलं. वटपौर्णिमा २४ जूनला, गुरुवारी. आठ दिवस आधी १६ जून. बुधवारच. मी आबांकडं बघितलं. ते दुसरीकडं बघत होते.

मग अक्षांश-रेखांश. चकरी फिरत राहिली. आबांनी विचारलं हे काय, तर मी सांगितलं, आपण कुठं बसलोय ते वरनं बघायलंय. त्यांनी लिंबाच्या फांद्यांतनं वर आभाळात बघितलं आणि टोपी नीट केली. आकडे आले. राहिला तो फोटो.

"आना, मी काढते," मी म्हटलं. माझा हात आधीच पुढं गेला होता.

"थांब. मीच नोंदवणार लिवलंय ना तिथं? मंग मीच दाबतो."

आबांनी तोवर फोनवर बोलण्यापलीकडं काही केलं नव्हतं, आणि बोलतानासुद्धा आम्ही लावून हातात द्यायचो. त्यांचे स्वतःचे फोटो सगळे मिळून तीन: लग्नानंतर परभणीला स्टुडिओत काढलेला, आधार कार्डावरचा, आणि पप्पांच्या लग्नातला, ज्यात त्यांचा अर्धा फेटाच आलाय. फोटो काढायचा तर दुसऱ्यानं. आपण हलायचं नाही, एवढंच आपलं काम.

तासाच्या तोंडाशी जाऊन उभे राहिलो. मी त्यांच्या काखेखालून हात घालून फोन सरळ धरायला शिकवला. "हा पांढरा गोल दिसतो ना, त्याच्यावर बोट टेकवायचं. लगेच उचलायचं."

त्यांनी अंगठा ठेवला. काहीच झालं नाही. पुन्हा ठेवला. आबांचा अंगठा म्हणजे उन्हाळ्यातल्या काळ्या रानासारखा, भेगाच भेगा. रेशनच्या मशीनवर तो कधी उठत नाही. दर महिन्याला दुकानात तीनदा पुसून, ओला करून लावतात आणि शेवटी आजीला बोलावणं जातं. आता या काचेनंही त्याला ओळखलं नाही.

"बग. हितंबी तेच," ते म्हणाले. हसले, पण फोन माझ्याकडं सरकवला.

"अंगठा नको ओ आबा. हे बोट." मी त्यांची करंगळी धरली. करंगळीला काम कमी, कातडं जरा मऊ. तरी मी ती माझ्या फ्रॉकला पुसली, वर फुंकर मारली.

या खेपेला लागलं. फारच लागलं. मोटारीच्या स्टार्टरचं हिरवं बटण दाबून धरायची त्यांना सवय. मोटार सूर धरेपर्यंत सोडायचं नाही. त्यांनी करंगळी तशीच रेटून धरली, फोन खाली वळला आणि फोटो आला तो आबांच्या धोतराचा आणि माझ्या एका चपलेचा.

"सोडायचं लगेच! मोटार न्हाई ती!"

"बरं बरं. वरडू नको."

दुसऱ्यात सगळं हललेलं. तिसऱ्याच्या वेळी वारं सुटलं आणि तूर एका अंगाला पडली. आबांनी फोन खाली घेतला. मी म्हटलं चालतंय, दिसायलंय पीक. ते म्हणाले, "असं आडवं नको. मागल्या बारीला आडवंच व्हतं." आणि आम्ही वारं पडायची वाट बघत उभे राहिलो. बॅटरी ११ टक्के होती. मी ती सांगितली, त्यांनी ऐकली नाही. सोयाबीनला थोडा वाळल्याचा वास लागला होता. त्यांनी एक शेंग तोडून दाबून बघितली, तीन दाणे तळव्यावर घेतले, माझ्यापुढं धरले. मी खाल्ले. चव कच्चट होती, पण तेव्हा मला भूक लागली होती.

वारं पडलं. आबांनी फोन उचलला, टोपी मागं सारली, श्वास धरला. मला अजून आठवतं ते त्यांचं तोंड. सुईत दोरा ओवताना बायका करतात तसं, ओठ आत घेतलेले. करंगळी टेकवली, उचलली. खटकन आवाज झाला.

"झालं?"

"झालं!"

दोघांनी डोकी एकाला एक लावून बघितलं. स्वच्छ आला होता. सोयाबीनची तासं सरळ, पलीकडं तूर, वर थोडं आभाळ. आणि तुरीच्या पहिल्या तासात आजी. कापलेला घास काखेत, विळा खाली, लुगडं गुडघ्यापर्यंत वर खोचलेलं, तोंड आमच्याकडं. बहुतेक ओरडून काहीतरी सांगत होती, कारण तोंड उघडं होतं.

"अरे देवा. आजी आली मधी," मी म्हटलं. खाली दोन खुणा होत्या, फुलीची आणि बरोबरची. "पुसून टाकू? परत काढू, पिकाचाच लागतो."

"पीक दिसायलंय ना?"

"दिसायलंय, पन—"

"मंग दाब बरोबरची."

"आबा, तिकडं साहेब बघतील."

"बगू दे. पडीक दिसतं का रान?"

मी थांबले. त्यांनी माझी वाट बघितली नाही. करंगळी पुढं केली, स्वतःच फ्रॉकला माझ्या पुसली आणि हिरव्या खुणेवर टेकवली. उचललीसुद्धा लगेच.

फोटो चढायला रानातली रेंज पुरली नाही. रात्री फोन चार्ज करून आम्ही मारुतीच्या पारावर गेलो. चकरी फिरली, थांबली, फिरली, आणि मग माहिती पाठवली गेल्याचं हिरव्यात आलं. आबांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. घरी परत येताना अंधारात ते बराच वेळ काही बोलले नाहीत. दारापाशी आल्यावर माझा दंड धरून थांबवलं.

आत आजी भाकरी थापत होती, आवाज येत होता.

"तिला सांगू नको बरं," आबा हळूच म्हणाले. "लुगडं खोचल्यालं हाय. सरकारात तसाच गेला म्हनलं तर दोघालाबी जेवू घालायची न्हाई."