बाबांची वार्षिक शुगर तपासणी: गुरुवार आणि शनिवारची यादी

बाबा, हा कागद फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवा. रक्त-लघवी गुरुवारी तासगावात द्यायची, रिपोर्ट घेऊन शनिवारी मिरजेला डॉक्टरांकडे जायचं. डॉक्टर आपल्याला दहा मिनिटं देतील. रिपोर्ट हातात नसतील तर ती दहा मिनिटं "आधी तपासण्या करून या" एवढ्यावरच संपतात. मी लॅबमध्ये रोज बघते.

बुधवारी रात्री

☐ साडेआठपर्यंत जेवण. त्यानंतर फक्त पाणी, आणि ते हवं तेवढं प्या. भाताऐवजी मुद्दाम अर्धी भाकरी खाऊन आकडा सुधारायला जाऊ नका. तीन महिन्यांची सरासरी एका रात्रीत बदलत नाही.
☐ बुधवारी दिवसभर पाठीवर फवारणीचा पंप घ्यायचा नाही. जड अंगमेहनतीनं लघवीतलं प्रथिन तात्पुरतं वाढतं. ताप असेल किंवा लघवीला जळजळ होत असेल तर लघवीची तपासणी पुढे ढकला.

गुरुवारी सकाळी, लॅबमध्ये

☐ उठल्यावरची पहिली लघवी लॅबच्या डबीत. सुरुवातीची थोडी सोडून मधली धरायची. डबी आदल्या दिवशी सुहासला आणायला सांगा.
☐ बीपीची टेल्मिसार्टन पाण्यासोबत घ्या. शुगरची गोळी उपाशीपोटी घ्यायची नाही, विशेषतः ग्लिमेपिराइड. ती न्याहारीसोबत, रोजच्यासारखीच.
☐ जेवणानंतरच्या शुगरचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे. न्याहारी रोजची करा: पोहे तर पोहे.

कागदावर या तपासण्या लिहिल्या आहेत का ते काउंटरवरच बघा:

☐ उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगर
☐ एचबीए१सी, म्हणजे शुगरची तीन महिन्यांची सरासरी. मागच्या वर्षी ७.४, तीन महिन्यांपूर्वी ७.९.
☐ किडनीसाठी क्रिएटिनिन आणि ईजीएफआर. ईजीएफआर मागच्या वर्षी ६८.
☐ लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण. मागच्या वर्षी ४२. साधी लघवी तपासणी म्हणजे ही नव्हे, लॅबवाल्याला नावानं सांगा.
☐ कोलेस्टेरॉलचे सगळे आकडे. एलडीएल ९६ होतं.
☐ यकृतासाठी एसजीपीटी
☐ हिमोग्लोबिन. शरीरात लोह कमी असेल तर एचबीए१सी खोटंच वाढलेलं दिसू शकतं, म्हणून दोन्ही एकत्र हवेत.
☐ बी-१२. तुम्ही अकरा वर्षं मेटफॉर्मिन घेताय आणि ही तपासणी एकदाही झालेली नाही. या गोळीनं बी-१२ कमी होऊ शकतं, आणि पायाला मुंग्या त्यानंही येतात.

शनिवारी सोबत न्यायचं

☐ मागच्या वर्षीचे रिपोर्ट. एकटा आकडा फारसं सांगत नाही. ईजीएफआर ६८ वरून ६५ झाला तर एक गोष्ट, ५२ झाला तर वेगळी.
☐ गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी. "ती पांढरी, अर्धी" असं सांगायचं नाही. काकांनी दिलेलं जांभूळ-कारल्याचं चूर्णसुद्धा पिशवीत टाका. ते चोरून खाण्यासारखं असेल तर मुळात खाऊच नका.
☐ ग्लुकोमीटर आणि वही. वहीत ज्या दिवशी २६० आली आहे, तो द्राक्षं उतरवायचा दिवस होता. बोटाला द्राक्षाचा रस असेल तर मीटर तोही मोजतो. हात साबणानं धुऊन, कोरडे करूनच टोचायचं. गुरुवारी लॅबमध्ये रक्त देताना त्याच वेळी मीटरवरही मोजा आणि दोन्ही आकडे शेजारी लिहा. १५ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो.
☐ काळा चष्मा.

डॉक्टरांना विचारायचं

पहिले तीन प्रश्न आत गेल्या गेल्या विचारा. उठताना दाराशी विचारलेल्या प्रश्नाला दाराशीच उत्तर मिळतं.

१. "दुपारी बागेत असताना जेवायला उशीर झाला, हातपाय थरथरले, घाम फुटला. शुगर उतरली होती का? ग्लिमेपिराइड कमी करायची का?" हे सांगितल्याशिवाय ७.९ बघून डॉक्टर गोळी वाढवतील, आणि मग ती थरथर पुन्हा येईल. तुम्ही आईलाही दोन आठवड्यांनी सांगितलंत, म्हणून हा प्रश्न पहिला. तोवर खिशात साखरेची पुडी ठेवा. शुगर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची, मग जेवायचं. अशा वेळी बेदाणे चघळत बसू नका, साखरेचं पाणी लवकर लागू पडतं.

२. "लघवीतलं अल्ब्युमिन मागच्या वर्षी ४२ होतं. आता किती आहे, आणि त्यावर काय करायचं?" ३० च्या खाली असेल तर ठीक. वर असेल तर काही महिन्यांत पुन्हा करून खात्री करतात. मागच्या वेळी ते राहून गेलं. टेल्मिसार्टन ४० पुरेशी आहे का, किडनी जपणारी नवी गोळी मला चालेल का, हेही विचारा.

३. "माझ्या वयाला एचबीए१सी किती असावं?" साधारण ७ च्या आत म्हणतात, पण शुगर उतरण्याचा धोका असेल तर डॉक्टर थोडी ढील देतात. तुमचा आकडा त्यांच्या तोंडून ऐका आणि इथेच लिहून आणा.

वेळ उरला तर:

☐ रात्री तळपायाची आग होते, ती नसांमुळे की बी-१२ मुळे?
☐ एकादशीचा उपवास करू का? केला तर त्या दिवशी गोळी कशी घ्यायची? साबुदाणा आणि भगर दोन्ही पिष्टच, त्यामुळे "उपवासाला शुगर वाढत नाही" हा आपल्या घरातला समज बाजूला ठेवा.
☐ उलट्या-जुलाब झाले, जेवण गेलं नाही, तर कोणती गोळी थांबवायची?
☐ एलडीएल आणखी खाली आणायला हवं का?
☐ फ्लू आणि न्यूमोनियाची लस.

तंबाखूचं विचारतील. खरं सांगा, पुडी किती तेही सांगा.

तिथे काय काय होईल

☐ बीपी: बसून आणि उभं राहूनही मोजा म्हणायचं. तुम्हाला उठताना अंधारी येते. १३०/८० च्या आत हवं.
☐ ईसीजी.
☐ पाय. खुर्चीत बसल्याबरोबर चपला काढून ठेवा, म्हणजे पाय बघायचे राहणार नाहीत. नायलॉनचा बारीक धागा तळव्याला टेकवतील, डोळे मिटून "लागला" म्हणायचं. अंदाजानं हो म्हणू नका. कंप पावणारा चिमटा अंगठ्याला लावतील, पावलावरची नाडी बघतील. डाव्या टाचेची भेग आणि करंगळीखालचं कुरूप तुम्हीच दाखवा. घरी ब्लेडनं कापायचं नाही.
☐ डोळे, सगळ्यात शेवटी. बाहुली मोठी करणारे थेंब घालून मागचा पडदा बघतात. चष्म्याचा नंबर काढला म्हणजे डोळे तपासले असं होत नाही. पडद्यावर सुरुवातीचा बिघाड असला तरी दिसायला काहीच फरक पडत नाही, म्हणून "मला स्वच्छ दिसतंय" हे कारण चालणार नाही. नंतर काही तास धूसर दिसेल, ऊन सहन होणार नाही. गाडी सुहास चालवेल. तुम्ही मोटारसायकल घरीच ठेवा.

दातांचं वेगळ्या दिवशी बघू. हिरड्यांतून रक्त येतं, तेवढं डॉक्टरांच्या कानावर घाला.

निघण्याआधी

☐ कोणती गोळी बदलली, कोणती बंद झाली, हे चिठ्ठीवर लिहून घ्या. बंद झालेल्या गोळीचं पाकीट त्याच दिवशी डब्यातून काढा, नाहीतर जुनी-नवी दोन्ही सुरू राहतात.
☐ पुढचं एचबीए१सी कधी? गोळी बदलली तर बहुतेक तीन महिन्यांनी.
☐ रिपोर्टच्या प्रत्येक पानाचा फोटो मला पाठवा, मागची बाजूही. कागद टेबलावर सपाट ठेवून काढायला सुहासला सांगा.

— शुभांगी