आईच्या गुरुवारच्या अपॉइंटमेंटसाठी

दादा, ग्रुपवरच्या सगळ्या गप्पा परत वाचून त्यातलं कामाचं तेवढंच काढलंय. पहिले दोन प्रश्न काही झालं तरी विचार, बाकीचे वेळ मिळाला तर. प्रिंट काढून घे, फोनमध्ये शोधत बसू नकोस.

डॉक्टरांना आधी हे सांग (आईला "तशी बरी आहे" म्हणायला वाव देऊ नकोस): दिवाळीनंतर ॲम्लोडिपिन 5 ची 10 केली. त्यानंतर महिन्याभरात दोन्ही घोट्यांना सूज. संध्याकाळी बोटाने दाबलं की खळगा पडतो, सकाळी बरीच उतरते. दम लागत नाही, रात्री उशीही वाढवावी लागत नाही.

1. सूज या वाढवलेल्या गोळीमुळे असू शकते का? असेल तर डोस कमी करायचा की गोळी बदलायची? मावशी म्हणते तशी लघवीची गोळी सुरू करण्याआधी हे कळायला हवं. किडनी आणि हृदयाची काही तपासणी लागेल का?

2. आई गुडघ्यांसाठी मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणून घेते, आठवड्यातून तीन-चारदा तरी. शिवाय गणपतीपासून काकूने सांगितलेला ज्येष्ठमधाचा काढा रोज चालू आहे. डॉक्टरांना यातलं काहीच माहीत नाही! या दोन्हींनी बीपी वाढू शकतं, अंगात पाणीही साठू शकतं. म्हणजे दिवाळीत बीपी चढलं ते यामुळेच का, आणि हे बंद केलं तर 10 ची गोळी लागेल का, हे विचार. गुडघ्यांसाठी दुसरं काय चालेल तेही.

3. सकाळी अंथरुणातून उठताना चक्कर येते. मंगळवारी मोरीच्या दाराला धरून उभी होती, तेव्हा मशीनवर 102/64 आलं. एकदा झोपवून आणि लगेच उभं करून बीपी मोजाल का?

4. रात्री तळपायांना मुंग्या. साखरेमुळे, की बारा वर्षांच्या मेटफॉर्मिनने बी-12 कमी झालंय? आई शाकाहारी आहे, आणि बी-12 कधी तपासल्याचं फाइलमध्ये सापडलं नाही.

केस गळणं, मेथीचं पाणी आणि काकांनी पाठवलेले व्हिडिओ वगळलेत. काका रुसले तर माझं नाव सांग.

सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घाल, काढ्याची पुडीसुद्धा. गुरुवारपर्यंत डायक्लोफिनॅक आणि काढा नको. बीपीची, साखरेची गोळी मात्र आपल्या मनाने बंद करायची नाही. मध्येच दम लागला, छातीत दुखलं किंवा एकाच पायाची सूज वाढली तर गुरुवारची वाट न बघता लगेच घेऊन जा.

डॉक्टर काय म्हणतात ते याच कागदाच्या मागे लिही आणि फोटो आधी मला पाठव, ग्रुपवर नंतर.